फेब्रुवारीतले तीनशे रुपये

मीरा रोडच्या हाटकेश उद्योगनगरातल्या एखाद्या गाळ्यात पगारावर असलेल्या माणसाची पगारपावती बघा. कपातीच्या बाजूला 'पी.टी.' असा एक छोटा रकाना असतो. त्यात अकरा महिने 200 रुपये असतात आणि फेब्रुवारीत 300. दर फेब्रुवारीत कुणीतरी नवीन कामगार हिशेबनिसाकडे जातो, शंभर रुपये जास्त कापलेत म्हणून. हिशेबनिसाची चूक नसते. राज्यघटनेच्या कलम 276 प्रमाणे व्यवसायकर एका माणसाकडून वर्षाला 2,500 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. दोनशे गुणिले बारा म्हणजे चोवीसशे. उरलेले शंभर सोडून द्यायला सरकार तयार नाही, म्हणून ते फेब्रुवारीत वसूल होतात.

ही कपात कशासाठी होते, हे मात्र विचारायला सहसा कुणी जात नाही. महाराष्ट्रात व्यवसायकर 1975 साली आला तो एका ठरलेल्या कामासाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून पैसे काढायचे, तेवढीच रक्कम राज्याच्या तिजोरीतून त्यात घालायची आणि खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम द्यायचं. कराचा मोठा भाग मुंबई आणि आसपासच्या शहरांतून जमा व्हायचा, आणि खर्च व्हायचा माण, जत, पाथर्डी, आष्टी अशा कोरड्या तालुक्यांत. पाऊस पडला नाही की मुंबईच्या पगारातला पैसा आपोआप तिकडे वाहायला लागायचा. मंत्रिमंडळाला बैठक घ्यावी लागायची नाही.

यातल्या 'आपोआप' या शब्दात सगळी गोम आहे. हाटकेशमधल्या कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला ती लगेच कळेल. पाण्याचा पंप दोन प्रकारे चालतो. एक, वॉचमन उठतो, गच्चीवरची टाकी रिकामी झाली का बघतो आणि बटण दाबतो. दुसरा, टाकीत फ्लोट असतो. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली जातो आणि पंप सुरू होतो. टाकी भरली की पंप बंद. वॉचमन गावाला गेला असला तरी बिघडत नाही. मंदी किंवा दुष्काळ आल्यावर सरकार पॅकेज जाहीर करतं, तो वॉचमन. बेकारभत्ता, चढत्या दराचा आयकर, मागेल त्याला काम हे झाले फ्लोट. अर्थशास्त्रात त्यांना स्वयंचलित स्थिरक म्हणतात.

आपल्याकडे हा फ्लोट बसवावा लागला तो 1972च्या दुष्काळानंतर. त्याआधी इंग्रजांच्या काळापासून दुष्काळी कामं निघत, पण ती वॉचमनच्या पद्धतीने. पिकाची आणेवारी काढायची, म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं याचा अंदाज. पुढे तिची पैसेवारी झाली. ती पन्नास पैशांच्या खाली आली की गावात टंचाई जाहीर होणार, मग कामं मंजूर होणार. तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी, मंत्रालय अशा पायऱ्या चढून कागद वर जाणार आणि तसाच खाली येणार. गुरं तोवर बाजारात विकली गेलेली असत.

1972-73 मध्ये त्या कामांवर किती माणसं होती? मे 1973 मध्ये, म्हणजे उन्हाळ्याच्या टोकाला, जवळजवळ 50 लाख. 1971च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख होती. म्हणजे तान्ही मुलं आणि म्हातारी माणसं धरून दर दहा जणांतला एक जण त्या महिन्यात खडी फोडत होता, रस्त्यावर माती टाकत होता किंवा पाझर तलावाच्या भिंतीवर पाट्या वाहत होता. आजच्या भाषेत सांगायचं तर मीरा-भाईंदरसारखी सहा शहरं तान्ह्या बाळासकट एकाच वेळी कामावर. या 50 लाखांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि प्रत्येकाला अर्धा मीटर जागा दिली, तर रांग 2,500 किलोमीटरची होते. मीरा रोड स्टेशनपासून सुरू केली तर दिल्लीला जाऊन परतीच्या वाटेवर निम्म्याहून जास्त अंतर कापून येईल. ज्यांच्या घरात त्या वर्षाच्या आठवणी आहेत, त्यांना मिलो आणि सुकडी हे दोन शब्द अजून माहीत असतात. लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, पण ती मिळत होती.

वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर गावी त्यांनी 1965 मध्येच कामाच्या हमीचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या काळात त्याची राज्यव्यापी योजना झाली. पुढे 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम' हे ब्रीद मोठं होतं, पण कायद्यातली खरी किमया त्या ब्रीदापेक्षा साध्या गोष्टीत होती. दुष्काळ पडलाय की नाही हे ठरवण्याचं काम कायद्याने सरकारकडून काढून घेतलं आणि मजुराकडे दिलं. पैसेवारी कितीही निघो. मजुराने काम मागितलं, म्हणजे काम नाही हे सिद्ध झालं.

व्यवहारात ते असं चालतं. मजूर कामाची मागणी लेखी नोंदवतो. आताच्या पद्धतीत तो नमुना 4. त्याची तारखेसह पोच मिळते, तो नमुना 5. त्या तारखेपासून 15 दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. काम मिळालं की नाव हजेरीपटावर, म्हणजे सगळे ज्याला मस्टर म्हणतात त्यावर चढतं. पाऊस लांबला की मस्टरवरची नावं वाढतात. मृगाच्या सरी पडल्या, पेरणी सुरू झाली की तीच माणसं आपणहून निघून जातात, कारण खुरपणीची मजुरी जवळ असते आणि दगड फोडणं कुणाला आवडत नाही. योजना कधी आवरायची, हेही मग कुणाला ठरवावं लागत नाही. सरकारी योजनांमध्ये हा गुण फार दुर्मीळ आहे. सुरू करायला निघालेले पुष्कळ असतात, बंद करायला कुणी धजत नाही.

आता पगारपावतीवरच्या 2,500 रुपयांकडे परत येऊ. 2020-21 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 238 रुपये होती. 2,500 रुपयांत साडेदहा दिवसांची मजुरी भागते. राज्याने तेवढेच घातले तर 21 दिवसांची. म्हणजे हाटकेशच्या एका गाळ्यातल्या पाच पगारदारांचा वर्षाचा व्यवसायकर आणि राज्याची भर मिळून खेड्यातल्या एका कुटुंबाला शंभर दिवसांचं काम मिळतं, आणि वर हजार-बाराशे रुपये उरतात. हा हिशेब फक्त प्रमाण कळावं म्हणून केला. 2006 पासून केंद्राच्या कायद्याने पहिल्या शंभर दिवसांची मजुरी दिल्लीतून येऊ लागली आणि राज्याची हमी त्यापुढच्या दिवसांपुरती राहिली.

त्या केंद्रीय योजनेने 2020-21 मध्ये देशभर सुमारे 389 कोटी मनुष्यदिवस काम दिलं. आदल्या वर्षी ते सुमारे 265 कोटी होतं. 389 कोटी हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून असा विचार करा. एकट्या माणसाने एकही सुट्टी न घेता तेवढं काम करायचं ठरवलं, तर त्याला एक कोटी सहा लाख वर्षं लागतील. माणूस ही जात जन्माला येऊन अजून चार लाख वर्षंही झालेली नाहीत. हे सगळं काम एका वर्षात झालं, साडेसात कोटी कुटुंबांनी मिळून केलं, आणि त्यातला बराच भाग निव्वळ कुणीतरी जाऊन मागितलं म्हणून झाला.

दुसरा फ्लोट आयकरात आहे, आणि तो हाटकेशच्या नव्या टॉवरांत राहणाऱ्यांच्या घरात आहे. समजा एका इंजिनिअरचं करपात्र उत्पन्न वर्षाला 20 लाख आहे. नव्या करप्रणालीच्या 2025-26च्या दरांनी त्याचा कर असा होतो: पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 लाखांवर 5 टक्के, त्यापुढच्या 4 वर 10, मग 15, मग 20. बेरीज 2 लाख, आणि 4 टक्के उपकर धरून 2 लाख 8 हजार. मंदी आली, बोनस गेला, पगार कापला गेला आणि उत्पन्न 14 लाखांवर आलं. आता कर उपकरासह 93,600. उत्पन्न 30 टक्क्यांनी घसरलं, पण कर 55 टक्क्यांनी. सहा लाखांच्या फटक्यातले 1 लाख 14 हजार 400 रुपये सरकारने सोसले. गमावलेल्या प्रत्येक रुपयामागे 19 पैसे. त्यासाठी त्याने अर्ज केला नाही, कुठे रांग लावली नाही. कंपनीने नव्या पगारावर टीडीएस पुन्हा मोजला आणि पुढच्या महिन्यापासून कपात कमी झाली. अशी एक हजार माणसं धरा, म्हणजे वर्षाला 11 कोटी 44 लाख रुपये बाजारात राहिले. त्यातून किराणा, शाळेची फी आणि मोलकरणीचा पगार निघत राहतो.

ही चढत्या पायऱ्यांची कमाल आहे. सगळ्यांना एकाच दराने कर असता, तर उत्पन्न 30 टक्के घसरल्यावर करही 30 टक्केच घसरला असता. पायऱ्या असल्यामुळे माणूस वरच्या महागड्या पायरीवरून आधी खाली येतो. डॉल्स, फ्युएस्ट आणि पाइखल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2012 मध्ये हीच मोजणी युरोप आणि अमेरिकेसाठी केली. सगळ्यांची कमाई सारख्या प्रमाणात घसरली तर युरोपीय संघात त्या धक्क्यातला 38 टक्के भाग कर आणि भत्ते आपोआप शोषून घेतात, अमेरिकेत 32 टक्के. बेकारी वाढली तर फरक आणखी मोठा: युरोपात 47, अमेरिकेत 34. युरोपात बेकारभत्ता जाडजूड आहे, म्हणून.

आमच्या इंजिनिअरचे 19 पैसे त्या मानाने कमीच आहेत, पण निदान आहेत. त्याच टॉवरच्या गेटवर थांबणाऱ्या रिक्षावाल्याचं काय? त्याची कमाई निम्मी झाली तर सरकार किती पैसे सोसतं? शून्य. आयकर आधीही शून्य होता, नंतरही शून्य. ज्याने कर भरलाच नाही त्याला करसवलतीचा आधार मिळणार कुठून? आणि ज्या व्यवसायकरातून रोजगार हमी उभी राहिली, त्याला तर पायऱ्या नावालाच आहेत. दहा हजारांच्या पुढे पगार गेला की महिन्याला 25 हजार मिळवणारा पुरुष आणि अडीच लाख मिळवणारा पुरुष दोघेही वर्षाला 2,500च भरतात. खर्चाच्या बाजूने ही योजना उत्तम फ्लोट आहे. जमेच्या बाजूने तो फ्लोटच नाही.

मग गाळ्यातल्या कामगारासाठी काय आहे? त्याच्यासाठी आहे ई.एस.आय., म्हणजे राज्य कामगार विमा. दहा किंवा अधिक कामगार आणि महिना 21 हजारांपर्यंत पगार असेल तर तो लागू होतो. 18 हजार पगारावर कामगाराचे 135 रुपये जातात, मालकाचे 585. यातला बहुतेक पैसा दवाखाने आणि आजारपणाच्या रजेसाठी असतो. नोकरी गेल्यावर मदत देणारी 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' 2018 मध्ये त्यात जोडली गेली. तिची मूळ अट अशी होती: नोकरी गेल्यानंतर 90 दिवस वाट बघायची, मग सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के रक्कम, तीही आयुष्यभरात मिळून जास्तीत जास्त 90 दिवस. 18 हजारांचा रोज 600 धरला तर दिवसाला 150, एकूण 13,500 रुपये. आयुष्यात एवढेच.

माझ्या मते यातली खरी खोट 150 रुपयांत नव्हती, 90 दिवसांत होती. नालाबांधावरच्या मजुराला कायदा म्हणतो, पंधराव्या दिवशी काम नाहीतर भत्ता. हाटकेशच्या कामगाराला म्हणत होता, तीन महिने तग धर, मग बघू. तीन महिन्यांत गाळ्याजवळच्या चाळीतली खोली सुटते, पोरांची शाळा सुटते आणि माणूस गावाला निघून जातो. 2020 मध्ये तेच झालं. 24 मार्चला टाळेबंदी जाहीर झाली. विमा महामंडळाने मदत 25 वरून 50 टक्के आणि प्रतीक्षा 90 वरून 30 दिवसांवर आणली, कामगाराला मालकाच्या मध्यस्थीशिवाय अर्ज करायची मुभा दिली, आणि हे सगळं 24 मार्चपासून लागू केलं. निर्णय चांगला होता. पण तो झाला 20 ऑगस्टला. पाच महिने टाकी कोरडी होती आणि मग वॉचमन जागा झाला. तोवर श्रमिक रेल्वेगाड्यांनी देशभरात 60 लाखांहून जास्त माणसं गावी पोचवली होती. शहरातल्या बेकाराला आधार मिळवायला हजार-दीड हजार किलोमीटर जावं लागलं, कारण फ्लोट तिकडे होता.

सरकारी तिजोरीच्या बाबतीत तर आपल्याकडे यंत्र उलटं फिरतं. एप्रिल 2019 मध्ये देशात जीएसटीची वसुली 1 लाख 13 हजार कोटींच्या वर होती. एप्रिल 2020 मध्ये ती सुमारे 32 हजार कोटींवर आली. काही भाग मुदतवाढीमुळे असेल, पण बाजारच बंद होता. सिद्धान्त सांगतो की कर कमी येऊ द्या, खर्च चालू ठेवा आणि तूट वाढू द्या. ती वाढणं हाच फ्लोटचा खाली जाणारा हात. केंद्राला ते जमलं: 2020-21च्या अर्थसंकल्पात तूट जीडीपीच्या 3.5 टक्के धरली होती, प्रत्यक्षात ती 9.2 झाली. राज्यांवर मात्र कर्जाची मर्यादा असते आणि ती वाढवायला दिल्लीची परवानगी लागते. महाराष्ट्राने 4 मे 2020 रोजी आदेश काढला की त्या वर्षी खात्यांना तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल आणि आरोग्य वगळता नवी भरती होणार नाही. बाजारात मागणी नव्हती तेव्हाच सरकारनेही खरेदी थांबवली. हा धक्का शोषणं नव्हे, पुढे ढकलणं आहे.

रोजगार हमीचा फ्लोटही अडकतो, आणि तो कुठे अडकला हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. मजुरी वाढली किंवा पाऊस हुकला की काम मागणारे वाढायला हवेत आणि खर्चही वाढायला हवा. 1988 मध्ये महाराष्ट्रात हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली. कामावर जास्त लोक यायला हवे होते. उलट मस्टरवरची संख्या घसरली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी 1993 मध्ये त्या आकड्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की लोकांनी मागणं थांबवलं नव्हतं, काम देणंच आवरतं घेतलं गेलं होतं. हमी कागदावर होती, नळ मात्र बजेटने घट्ट केला होता. 2020 मध्येही मूळ तरतूद 61,500 कोटींची होती. मे महिन्यात आणखी 40 हजार कोटी जाहीर झाले आणि वर्षाचा खर्च 1 लाख 11 हजार कोटींच्या घरात गेला. ही भर जाहीर झाली नसती तर 389 कोटी दिवस झाले नसते. हक्क आपोआप होता, पैसा नव्हता.

अडकण्याची दुसरी जागा त्याहून बारीक आहे: नमुना 5. मजुराने मागणी केली, पण ग्रामसेवकाने तारखेची पोचच दिली नाही, तर पंधरा दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही. घड्याळ नाही म्हणून भत्ता नाही, भत्ता नाही म्हणून उशिराची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. आणि कागदोपत्री त्या गावात बेकारीही दिसत नाही. म्हणून एखाद्या तालुक्यात मस्टर ओस असेल, तर तिथे सुबत्ता आहे असं धरण्याआधी तिथे किती पोचपावत्या फाडल्या गेल्या हे विचारावं.

राज्याची हमी पहिल्यापासून ग्रामीण भागापुरती होती, आणि त्यासोबत 'क' वर्गाच्या नगरपालिकांपुरती. 1979 मध्ये कायदा लागू झाला तेव्हा मीरा, काशी, घोडबंदर, नवघर आणि भाईंदर अशा ग्रामपंचायती होत्या. इथला शेतमजूर काम मागू शकत होता आणि पंधराव्या दिवशी भत्त्यावर बोट ठेवू शकत होता. 12 जून 1985 रोजी त्या पाच ग्रामपंचायती मिळून नगरपालिका झाली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका. खाजणावर टॉवर आले, गाळे आले. हाटकेशमध्ये आज ज्याची नोकरी जाईल त्याला तो हक्क नाही. त्याच्या पावतीवरचे दोनशे रुपये मात्र दर महिन्याला कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे.